थ्रीडी प्रिंटरवर अंगात घालता येईल असे चिलखत



बऱ्याच शाळांच्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये थ्रीडी प्रिंटर आहे. त्यावर किल्ली अडकवायच्या पट्ट्या नि नावाच्या पाट्या निघतात. स्नेहसंमेलन जवळ आले की मुले विचारतात, "सर, नाटकातल्या मावळ्याचं चिलखत यावर होईल का?" होते. पण प्रिंटर चालवणे हा त्यातला सोपा भाग आहे. खरे काम त्याआधी मापाचे आणि त्यानंतर घासण्याचे. छातीवरच्या पुढच्या भागाचे एकच उदाहरण घेऊन हे पाहूया.

समजा, आठवीतला मुलगा आहे. चिलखताच्या आत जो अंगरखा घालणार तो घालूनच माप घ्या, आणि पूर्ण श्वास भरायला लावून घ्या. छातीचा घेर आला ७४ सेमी. आता चिलखत आणि अंग यांच्यात सगळीकडून १ सेमी मोकळी जागा हवी. मग घेर किती वाढवायचा? मुले पटकन सांगतात, "२ सेमी." इथे आठवीचे गणित कामाला येते. वर्तुळाची त्रिज्या १ सेमीने वाढली की परीघ २π म्हणजे जवळजवळ ६.३ सेमी वाढतो, मूळ वर्तुळ लहान असो की मोठे. छाती अगदी गोल नसते, पण हिशोब हाच लागू पडतो. म्हणजे चिलखताचा आतला घेर हवा सुमारे ८० सेमी.

इंटरनेटवरून घेतलेले चिलखताचे मॉडेल बहुतेक वेळा उंचपुऱ्या माणसासाठी केलेले असते. आपल्या मॉडेलचा पुढचा-मागचा मिळून आतला घेर १०८ सेमी आहे असे धरू. ८० भागिले १०८, म्हणजे ७४ टक्के. एवढे लहान केले की ४६ सेमी लांबीचे मॉडेल ३४ सेमीचे होते. मुलाच्या गळ्याच्या खळग्यापासून बेंबीपर्यंतचे अंतर ३३ सेमी असेल, तर हे त्याला लांब होईल. खाली बसला की खालची कड मांडीला टेकेल आणि वरची कड हनुवटीला लागेल. ३० सेमी पुरे.

मग फक्त उंची आणखी दाबायची का? तसे करता येते, पण गोल नक्षी अंडाकृती दिसू लागते. खालचा भाग साधा असेल तर मी सरळ ४ सेमी कापून टाकण्याच्या बाजूने आहे. आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते, बरं का. मॉडेल लहान केले की त्याची जाडीही लहान होते. ४ मिमीची भिंत ३ मिमी झाली तर चालेल, पण २ मिमीची दीड झाली तर रंगमंचावर कोपर लागूनही तडकेल.

प्रिंट लावण्याआधी खोक्याच्या पुठ्ठ्यावर पुढच्या भागाचा आकार कापून मुलाच्या अंगावर बांधा. त्याला दोन्ही हात वर करायला सांगा, मग हात पुढे आणून तळवे जोडायला सांगा, मग मांडी घालून बसवा. तळवे जोडताना पुठ्ठा दुमडला तर काखेजवळची कड आत घ्यायला हवी. ही दुरुस्ती पुठ्ठ्यावर दोन मिनिटांची आहे, प्रिंट झाल्यावर दोन दिवसांची.

साध्या प्रिंटरचा पाट साधारण २२ बाय २२ सेमी असतो, त्यामुळे या भागाचे चार तुकडे करावे लागतात. काप नक्षीच्या कडेने किंवा मधल्या उंचवट्यावरून न्या, म्हणजे सांधा लपतो. पृष्ठभाग साधारण १,००० चौरस सेमी आणि जाडी ३ मिमी धरली तर भरीव वजन ३७० ग्रॅमच्या आसपास येते. मुलाला ते सहज पेलते.

आता माल कोणता? पीएलए कडक असतो, त्यावर प्रिंट सोपी होते, घासता येते आणि लांबी नीट धरते. त्याची एक अडचण म्हणजे साधारण ६० अंशांना तो मऊ पडतो. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत काळे रंगवलेले चिलखत ठेवले तर ते वाकडे होते आणि पुन्हा पहिल्यासारखे बसत नाही. दुपारी मैदानावर कार्यक्रम असेल तर पीईटीजी घ्या. तो ८० अंशांच्या आसपास मऊ होतो, पण घासायला जास्त त्रास देतो.

टीपीयू रबरासारखा वाकतो, म्हणून पुष्कळांना वाटते की अख्खे चिलखत त्याचेच करावे. माझे मत तसे नाही. वाकणाऱ्या वस्तूवर लांबी टिकत नाही, पहिल्याच वाकण्याला तिला भेगा पडतात आणि रंग पापुद्र्यासारखा सुटतो. टीपीयू घासलाही धड जात नाही, त्याचे तंतू निघतात. तेव्हा धातूसारखे गुळगुळीत दिसायचे ते कडक मालाचे करा. अंगाबरोबर हलायचे ते, म्हणजे खांद्यावरचे पट्टे आणि बाजूचे जोड, टीपीयूचे करा आणि लांबी न लावता तसेच ठेवा. खरे तर बाजूला साधे इलॅस्टिक आणि वेल्क्रो लावले तरी प्रेक्षकांना कळत नाही.

तुकडे जोडताना कडा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून घ्या, इपॉक्सीने चिकटवा आणि आतून सांध्यावर सुती कापडाची पट्टी इपॉक्सीत भिजवून बसवा. ही पट्टी टाळू नका. सांधा जरासा जरी हलला तरी वरची लांबी त्याच रेषेत तडकते, मग कितीही वेळा भरा.

लांबी गाडी रंगवणाऱ्यांकडची घ्यावी. भिंतीची पुट्टी प्लास्टिकवर खपलीसारखी सुटते. खोल सांध्यांसाठी दोन घटकांची लांबी वापरतात. १०० ग्रॅमला साधारण २ ग्रॅम हार्डनर पडतो आणि काही मिनिटांत ती घट्ट होते, म्हणून लिंबाएवढीच कालवा. तिचा वास उग्र असतो, काम उघड्यावर आणि मोठ्यांनीच करावे. बारीक ओरखड्यांसाठी ट्यूबमधली एनसी पुट्टी बरी. मात्र ती वाळताना आकसते. जाड थर दिला तर आज सपाट दिसलेला सांधा परवा पुन्हा खोलगट दिसतो. म्हणून पातळ थर द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मग दुसरा.

लांबीआधी प्रिंटच्या रेषा १२० नंबरने घासा, लांबीनंतर २२०, आणि प्रायमर मारल्यावर ४०० नंबर पाणी लावून. यंत्राने कोरडे घासू नका, पीएलए तापून चिकट होतो. हाताने कोरडे घासताना मास्क हवाच, कारण धूळ फार बारीक असते.

पृष्ठभाग सपाट झाला की नाही हे करड्या प्रायमरवर डोळ्याला कळत नाही. त्यासाठी पेंटर लोकांची एक युक्ती आहे. प्रायमरवर काळ्या स्प्रेचा अगदी विरळ शिडकावा करायचा आणि पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून हलकेच फिरवायचा. उंच जागचा काळा रंग लगेच जातो, खड्ड्यातला तसाच राहतो. जिथे काळे ठिपके उरले तिथेच पुन्हा लांबी. दुसऱ्या फेरीला ठिपके निम्म्याहून कमी दिसतात, तिसऱ्या फेरीनंतर चंदेरी रंग मारायला हरकत नाही. चंदेरी रंग खड्डे झाकत नाही, उलट उठून दाखवतो. दोन फेऱ्यांवरच थांबायचे असेल तर तांब्याचा मळकट रंग निवडा, त्यात बरेच काही खपून जाते.