मेल गेला, पण पोहोचला नाही

चाकणच्या एमआयडीसीत शीटमेटलचे सुटे भाग बनवणारा एक छोटा कारखाना आहे, असे समजू. मालकाला नवी गिऱ्हाइके हवी आहेत. तो कोणाकडून तरी 3,000 खरेदी अधिकाऱ्यांच्या ईमेल पत्त्यांची यादी विकत घेतो, सोमवारी नवे डोमेन नोंदवतो आणि मंगळवारी एका सॉफ्टवेअरमधून सगळ्यांना एकाच झटक्यात ओळखीचा मेल पाठवतो. स्क्रीनवर जवळपास सगळे मेल ‘Delivered’ दिसतात. पंधरा दिवस उलटतात, तरी फोन नाही की उत्तर नाही. मालाला मागणीच नाही, असे मालकाला वाटू लागते. वास्तविक बहुतेकांनी तो मेल पाहिलेलाच नसतो.

‘Delivered’ या शब्दाचा अर्थ एवढाच, की समोरच्या सर्व्हरने मेल नाकारला नाही. तो इनबॉक्समध्ये ठेवायचा की स्पॅममध्ये, हे त्यानंतर ठरते आणि पाठवणाऱ्याला ते कळवले जात नाही. हा निर्णय घेताना मजकुराइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, पाठवणाऱ्या डोमेनची पत पाहिली जाते.

पत म्हणजे त्या डोमेनची आजवरची वागणूक. काल जन्मलेल्या डोमेनला वागणूकच नसते आणि नेमकी तीच अडचण होते. स्पॅम पाठवणारे डोमेन विकत घेतात, चार दिवस वापरतात आणि टाकून देतात. त्यामुळे नवेपणाकडेच संशयाने पाहिले जाते. 1998पासून स्पॅमविरोधी याद्या चालवणारी स्पॅमहाउस ही संस्था नव्याने नोंदवलेल्या डोमेनची एक वेगळी यादीच ठेवते. त्यात प्रत्येक नाव 24 तास राहते आणि ज्या सर्व्हरना हवे ते तेवढा काळ त्या डोमेनचे मेल अडवू शकतात. चाकणच्या मालकाने अगदी नको त्या वेळी गर्दी केली. सुरुवातीला दिवसाला वीस-पंचवीस मेल, तेही उत्तर देण्याची शक्यता असलेल्या लोकांना, आणि मग काही आठवड्यांत हळूहळू वाढ, हा रस्ता त्याला मोकळा होता.

फेब्रुवारी 2024पासून जीमेल आणि याहूने नियम आणखी कडक केले. मेल खरोखर त्या डोमेनच्या परवानगीने आला आहे, हे एसपीएफ किंवा डीकेआयएम या नोंदींनी सिद्ध करणे जीमेलने सर्वांनाच बंधनकारक केले. दिवसाला 5,000हून जास्त मेल जीमेलच्या खात्यांवर पाठवणाऱ्यांना या दोन्ही नोंदी, त्यांच्या जोडीला डीमार्क, आणि जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर नाव काढण्याची सोय ठेवावी लागते. या नोंदी डोमेनच्या डीएनएसमध्ये करायच्या असतात आणि माहीतगार माणसाला तासाभराचे काम असते. पण त्यांनी फक्त ओळख पटते. ओळख पटलेला माणूस भला आहे की नाही, हे त्याचे मेल वाचणारे लोक ठरवतात.

ते कसे ठरवतात, हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे. स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण 0.1 टक्क्याखाली ठेवा आणि 0.3 टक्क्यापर्यंत कधीच जाऊ देऊ नका, असे गूगल सांगते. म्हणजे इनबॉक्समध्ये पोहोचलेल्या हजार मेलमागे तीन जणांनी ‘Report spam’ दाबले की धोक्याची रेषा गाठली. समजा, चाकणचे 800 मेल जीमेलच्या इनबॉक्समध्ये पडले आणि चौघांनी ते बटण दाबले. प्रमाण झाले 0.5 टक्के. पुढच्या खेपेला बहुतेक मेल थेट स्पॅममध्ये गेले, जेमतेम शंभर इनबॉक्समध्ये पडले आणि तक्रार कोणीच केली नाही. प्रमाण शून्य! स्पॅममध्ये पडलेल्या मेलवर कोणी तक्रार करत नाही, म्हणून तक्रारी आणि उत्तरे दोन्ही एकदम थंडावली तर ते सुधारणेचे नव्हे, घसरणीचे लक्षण समजावे.

आता मेलमधल्या लिंककडे वळू. सर्वांत जास्त नुकसान इथेच होते आणि तेही पाठवणाऱ्याच्या नकळत. मालकाने मेलमध्ये आपल्या वेबसाइटचा पत्ता दिला होता. पण कोणी क्लिक केले हे मोजण्यासाठी सॉफ्टवेअरने तो परस्पर बदलला. मेलच्या पोटात प्रत्यक्षात असे काही गेले:

```
<a href="https://track.example.net/c/83f1">
www.example.com</a>
```

डोळ्यांना दिसते एक नाव आणि क्लिक नेते दुसरीकडे. बँकेच्या नावाने फसवणारे मेल हीच युक्ती वापरतात, म्हणून गाळण्यांची नजर आधी तिथे जाते. शिवाय मोजणीचे ते डोमेन सॉफ्टवेअरच्या शेकडो ग्राहकांत सामायिक असू शकते. त्यांतल्या एकाने गैरवापर केला आणि ते नाव काळ्या यादीत गेले, की कसलाही संबंध नसलेल्या चाकणच्या मेलवरही तो डाग लागतो. लिंक लहान करून देणाऱ्या फुकट सेवांचे तेच. लिंकमधल्या प्रत्येक डोमेनची पत मेलला चिकटते, मग ते डोमेन कोणाचेही असो.

मेल उघडला का हे पाहण्यासाठी त्यात दडवलेले एक पिक्सेलचे चित्र तर आता जवळजवळ निरुपयोगी आहे. 2021पासून ॲपलच्या मेल ॲपमधली गोपनीयतेची सोय चालू असेल, तर माणसाने मेल उघडला नसला तरी अशी चित्रे आधीच उतरवली जातात. कंपन्यांच्या सुरक्षा यंत्रणाही लिंक स्वतः उघडून तपासतात. ज्या मोजणीसाठी पत पणाला लावायची, ती मोजणीच खोटी निघते. पहिल्या मेलमधून दोन्ही काढून टाकणे हेच शहाणपणाचे.

मांडणीचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. मालकाने कॅटलॉगचे पान एकच मोठे चित्र करून मेलमध्ये टाकले, खाली लोगो आणि समाजमाध्यमांची पाच चिन्हे लावली. चित्रातला मजकूर गाळणीला नीट वाचता येईलच असे नाही आणि स्पॅमवाले शब्द लपवायला चित्रेच वापरत आले आहेत. स्पॅमअसॅसिन या जुन्या, मुक्त गाळणीत चित्रच चित्र असलेल्या मेलला आणि सगळी अक्षरे मोठी असलेल्या इंग्रजी विषयाला वेगळे गुण देणारे नियम आहेत. गुणांची बेरीज 5 झाली की मूळ मांडणीनुसार मेल स्पॅम ठरतो. पूर्वी कधी पत्रव्यवहार नसताना विषयात ‘Re:’ लावणे तर सरळ फसवणूक आहे आणि वाचणारा चिडून तेच बटण दाबतो.

त्याच मालकाचा दुसरा मेल असा हवा होता: साध्या अक्षरांत पाच-सहा ओळी, कोणता भाग बनवतो आणि याच कंपनीला का लिहितो ते सांगणाऱ्या. सहीखाली स्वतःचे संकेतस्थळ, न बदललेले. कॅटलॉग मागितला तरच जोडायचा. शेवटी, ‘नको असल्यास कळवा, पुन्हा लिहिणार नाही’ ही ओळ, म्हणजे नकार द्यायला स्पॅमच्या बटणाखेरीज दुसरी वाट राहते.

पाठवण्याआधी तोच मेल आपल्या जीमेल खात्यावर घेऊन ‘Show original’ उघडावे. तिथे SPF, DKIM आणि DMARC यांच्यापुढे ‘PASS’ दिसायला हवे. तक्रारींचे प्रमाण गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये फुकट पाहता येते, मात्र मेलची संख्या अगदी कमी असेल तर तिथे काहीच दिसत नाही. मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्याचे प्रमाण 0.3 टक्क्यावर गेले, तर ते सलग सात दिवस त्या रेषेखाली आल्याशिवाय त्याला गूगलकडे अडचण सोडवून घेण्यासाठी दाद मागता येत नाही.