बँकेतला मोबाईल नंबर बदलण्याचा अर्ज : जुना नंबरही लिहा

जुनं सिम बंद झालं की त्यावर ओटीपी येत नाही. मग शाखेत लेखी अर्ज द्यावा लागतो. मजकूर असा :

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक
विषय : बचत खात्याचा मोबाईल नंबर बदलण्याबाबत
महोदय, माझ्या खाते क्र. ____ ला जोडलेला नंबर ____ बंद झाला आहे. तो काढून ____ हा नवा नंबर नोंदवावा, ही विनंती. सोबत आधार व पॅनच्या स्वसाक्षांकित प्रती जोडल्या आहेत.
आपला विश्वासू,
(सही, नाव, तारीख)

सही बँकेतल्या नमुन्याशी जुळायला हवी, नाहीतर अर्ज अडतो. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे जाऊ शकतात. म्हणून अर्ज लगेच द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.