बरणीखालचं खोटं प्रतिबिंब

मावशी घरी लोणचं घालून विकते. तिने लिंबाच्या लोणच्याच्या बरणीचा फोटो पाठवला. खिडकीपाशी काढलेला, उजेड छान, पण मागे पडदा आणि खाली वर्तमानपत्र. तिची मागणी एवढीच होती, की मोठ्या जाहिरातीत असते तशी बरणी चकचकीत फरशीवर ठेवल्यासारखी दिसू दे. मी बरणी कापून घेतली, मागे राखाडी रंग टाकला, बरणीचीच एक प्रत उलटी करून खाली चिकटवली आणि फिकी केली. मावशीने बघितलं आणि म्हणाली, "अरे, ही तर हवेत तरंगतेय."

खरंच तरंगत होती. का, ते कळायला मला स्वयंपाकघरात जावं लागलं.

तुमच्याकडे ग्रॅनाइटचा ओटा असेल तर त्यावर एखादी बरणी ठेवून बघा. सरळ उभं राहून वरून पाहिलंत तर ओट्यात बरणी पुसटशी दिसते. आता वाकून डोळे जवळजवळ ओट्याच्या पातळीला आणा. तीच बरणी आता जणू आरशात दिसू लागते. गुळगुळीत पृष्ठभागावर प्रकाश जितका तिरपा पडतो तितका तो जास्त परावर्तित होतो. साध्या काचेवर समोरून पडलेल्या प्रकाशापैकी एका बाजूने फक्त चार टक्क्यांच्या आसपास परततो, आणि अगदी तिरप्या प्रकाशापैकी बहुतेक सगळा. प्रतिबिंब खाली खाली फिकं होतं त्याचं एक कारण हेच. बरणीच्या झाकणाचं प्रतिबिंब ओट्यावर आपल्या जास्त जवळ पडतं आणि तिथे आपली नजर अधिक उभी असते, म्हणून ते कमी उमटतं.

दुसरं कारण पाहायला जुना कडप्प्याचा ओटा हवा. कडप्पा ग्रॅनाइटसारखा घोटलेला नसतो. त्यात बरणीचा तळ ओळखू येतो, पण थोडं वरचं सगळं धुरकट होऊन विरघळतं. खडबडीत पृष्ठभाग प्रकाशाचा किरण थोडा इकडेतिकडे फेकतो. वस्तू टेकलेली असते तिथे हा फरक जाणवत नाही, वस्तूचा भाग जितका उंच तितका तो पसरत जातो. म्हणजे प्रतिबिंब नुसतं फिकं होत नाही, ते अस्पष्टही होत जातं. आपण बहुतेक जण फक्त फिकं करतो आणि तिथेच चित्र खोटं दिसू लागतं.

आता बरणी पुन्हा संगणकावर घेऊ. मी फोटोशॉप वापरलं, फुकटच्या गिम्पमध्येही रीत हीच आहे. चित्र 2000 बाय 2000 पिक्सेलचं. त्यात बरणी 1100 पिक्सेल उंच आणि 600 रुंद, खाली प्रतिबिंबासाठी पुरेशी मोकळी जागा सोडून. कापलेल्या बरणीच्या लेयरची प्रत काढायची आणि `Edit > Transform > Flip Vertical` करायचं. इथे हात चुकतो तो `Rotate 180°` वर. तसं फिरवलं की डावं-उजवंही बदलतं. काचेवर डावीकडे असलेली उजेडाची पांढरी पट्टी प्रतिबिंबात उजवीकडे जाते, आणि पाहणाऱ्याला काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

आता तरंगण्याचा प्रश्न. मावशीने मोबाइल बरणीपेक्षा थोडा वर धरला होता. त्यामुळे बरणीचा तळ सरळ रेघेसारखा न दिसता खाली फुगलेल्या कमानीसारखा दिसत होता, मधोमध कडांपेक्षा 40 पिक्सेल खाली. प्रत उलटी केल्यावर तिची कमानही उलटली आणि वर फुगली. दोन्ही फक्त मध्यभागी टेकल्या, दोन्ही बाजूंना फट राहिली. खऱ्या ओट्यावर असं होत नाही. प्रतिबिंब बरणीच्याच तळाच्या कडेपासून सुरू होतं आणि त्याच्या कमानीही खालच्याच बाजूला फुगतात. उलट, जितकं खाली जावं तितक्या जास्तच.

उपाय असा: उलट्या प्रतीवर `Edit > Transform > Warp` घ्यायचं आणि तिच्या दोन्ही बाजू वर ओढायच्या. किती? कमान उलटी आहे ती आधी सरळ व्हायला 40, मग सुलटी व्हायला आणखी 40, म्हणजे मध्याच्या मानाने 80 पिक्सेल. बाजू बरणीच्या कडेला बसल्या की लेबलवरची ओळही आपोआप योग्य दिशेला वाकते. सगळ्या कामात खरा वेळ इथेच द्यावा लागतो, आणि बहुतेक ठिकाणी नेमकी हीच पायरी गाळलेली असते.

मग फिकं करणं. वाकवलेल्या लेयरच्या दोन प्रती ठेवायच्या. एक जशीच्या तशी स्पष्ट, अपारदर्शकता 20 टक्के. दुसरीवर 8 पिक्सेलचा `Gaussian Blur`, तीही 20 टक्के. दोन्हींना लेयर मास्क द्यायचा आणि त्यावर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतचा ग्रेडियंट वरून खाली ओढायचा. पांढरं तिथे दिसतं, काळं तिथे लपतं. स्पष्ट प्रतीचा ग्रेडियंट 150 पिक्सेलमध्ये संपवायचा, अस्पष्ट प्रतीचा 400 पर्यंत न्यायचा. दोन्ही मिळून टेकल्या जागी दाट आणि स्पष्ट, मग झपाट्याने उतरणारं आणि शेवटी धूसर होत नाहीसं होणारं प्रतिबिंब मिळतं. एकाच ग्रेडियंटने केलं तर उतार एकसारखा पडतो आणि खाली पट्टी कापल्यासारखी वाटते.

400 वरच थांबण्यामागे थोडी लबाडीही आहे. वरून पाहणाऱ्याला बरणीच्या झाकणाचा वरचा भाग दिसतो, पण ओट्यात तो कधीच दिसत नाही. आपल्या उलट्या प्रतीत मात्र तो असतो. प्रतिबिंब झाकणापर्यंत पोचण्याआधीच विरलं की ही चोरी पकडली जात नाही.

एक बारीक गोष्ट उरते. बरणी जिथे टेकते तिथे उजेड पोचत नाही, म्हणून तिथे एक काळपट रेघ असते. बरणीच्या खालच्या लेयरवर मऊ ब्रशने तळाच्या कमानीलगत ती ओढली, तेव्हा बरणी फरशीवर बसली. फरशी काळी असेल तर प्रतिबिंब थोडं ठळक ठेवा, पांढरी असेल तर फारच हलकं, कारण पांढरी फरशी स्वतःच इतका उजेड फेकते की त्यात प्रतिबिंब बुडून जातं.

मात्र ही युक्ती सगळीकडे चालत नाही. मावशीचा पुढचा फोटो मसाल्याच्या खोक्याचा होता, कोपरा पुढे करून ठेवलेला. अशा खोक्याच्या दोन बाजू दोन दिशांना तिरक्या जातात. त्यामुळे प्रत्येक बाजूची प्रत वेगळी कापून, वेगळी कलती करून जोडावी लागते, आणि कोपऱ्यात ती जुळवताना तास जातो. मी तिला फोन करून सांगितलं, खोका सरळ समोरून, मोबाइल टेबलाच्या पातळीला आणून पुन्हा काढ. तसा काढला की खोक्याचा तळ सरळ रेघ होतो आणि उलटी प्रत न वाकवता बसते. फोटो काढण्याआधीच एकदा वाकून बघा, म्हणजे वार्पची गरज पडणार नाही.