‘येणार का ते’ की ‘येणार असाल तर’?

समजा, एका सोसायटीने अलिबागची सहल ठरवली आहे. सचिवांनी ६० सभासदांच्या गटावर इंग्रजीत एक ओळ टाकली : ‘प्लीज लेट मी नो इफ यू आर कमिंग.’ दोन दिवसांत २२ जणांनी ‘येतोय’ असं कळवलं. उरलेले ३८ जण गप्प. बस छोटी सांगायची की मोठी, हे सचिवांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं, ‘बाकीच्यांचं काय?’ त्यावर एका काकांनी उत्तर दिलं, ‘अहो, येणार असेल त्यानेच कळवायचं होतं ना?’

सचिव आणि काका यांनी एकच ओळ वाचली होती, आणि दोघांनीही ती बरोबर वाचली होती. सचिवांच्या मनात होतं, ‘तुम्ही येणार आहात का ते कळवा.’ काकांना कळलं, ‘तुम्ही येणार असाल तर कळवा.’ पहिल्या वाक्यात न येणाऱ्यालाही उत्तर द्यावं लागतं. दुसऱ्यात न येणाऱ्याचं मौन हेच त्याचं उत्तर असतं. मराठीत ही दोन वाक्यं इतकी वेगळी आहेत की त्यांची गल्लत होणं अवघड. इंग्रजीतला ‘इफ’ मात्र दोन्ही कामं करतो, आणि सहलीची बस तिथेच अडते.

सचिवांनी ‘इफ’ऐवजी ‘व्हेदर’ लिहिलं असतं, तर दुसरा अर्थ निघालाच नसता. ‘व्हेदर’ला ‘तर’चं काम येत नाही. त्याच्या पोटात कायम एक प्रश्न असतो : होय की नाही, हे की ते. म्हणून ‘लेट मी नो व्हेदर यू आर कमिंग’ असा निरोप आला की साठच्या साठ जणांनी उत्तर द्यायचं असतं.

मग प्रत्येक ठिकाणी ‘व्हेदर’च लिहावं का? तशी गरज नाही. संदिग्धता येते ती ठरावीक क्रियापदांपाशी. ‘लेट मी नो’, ‘टेल मी’ म्हणजे कळवणं-सांगणं. यांच्यापुढे प्रश्नही बसतो आणि अटही बसते, कारण काय सांगायचं हे न बोलताही ‘अमुक झालं तर सांग’ असं म्हणता येतं. ‘वंडर’ आणि नकारी ‘नो’ यांचं तसं नाही. ‘आय वंडर इफ इट विल रेन’ म्हटलं की ‘पाऊस येईल का कोण जाणे’ एवढा एकच अर्थ उरतो. मनात घोळवायला एक प्रश्न लागतोच, आणि ‘इफ’ तो पुरवतो. ‘आय डोन्ट नो इफ ही इज होम’, ‘शी आस्क्ड इफ आय वॉज टायर्ड’ ही वाक्यंही निखालस शुद्ध आहेत. रोजच्या बोलण्यात इंग्रजीभाषक अशा जागी ‘इफ’च अधिक वापरतात. ‘व्हेदर’ थोडं औपचारिक वाटतं, म्हणून ते पत्रात, अहवालात, कायद्याच्या मजकुरात जास्त दिसतं.

अप्रत्यक्ष प्रश्नात ‘इफ’ वापरणं ही अलीकडची ढिलाई आहे, असा एक समज आहे. तो खरा नाही. जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजार वर्षांपूर्वी, या शब्दाचं रूप ‘यिफ’सारखं उच्चारलं जाई, आणि तेव्हाही तो ‘तर’ आणि ‘का ते’ या दोन्ही अर्थांनी येत होता. १६११ साली छापलेल्या किंग जेम्स बायबलमध्ये नोहा कबूतर सोडतो ते पाणी ओसरलं का ते पाहण्यासाठी, आणि त्या जागी शब्द आहे ‘इफ’.

‘इफ’चा अर्थ प्रश्नाचा की अटीचा, हे ओळखायची एक पक्की खूण क्रियापदाच्या काळात सापडते. इंग्रजीत अट सांगताना पुढची गोष्टही वर्तमानकाळात बोलतात. ‘लेट मी नो इफ ही कॉल्स’ हे वाक्य साधारणपणे अटीचं : त्याचा फोन आला तर मला सांग. पण ‘लेट मी नो इफ ही विल कॉल’ म्हटलं की तो प्रश्न झाला : तो फोन करणार आहे का, ते मला सांग. ‘विल’ने अर्थ बदलला. अपवाद आहे, पण छोटा. ‘विल’चा अर्थ ‘तयार असणं’ असा असेल, तर ते अटीतही येतं. मराठी माणसाला ही खूण परकी वाटू नये. आपणही अटीत भविष्यकाळ टाळतो, आणि तोही इंग्रजीपेक्षा ठसठशीतपणे. ‘उद्या तो येईल का ते विचार’ यात ‘येईल’, पण ‘उद्या तो आला तर विचार’ यात चक्क ‘आला’. उद्याची गोष्ट आणि रूप भूतकाळाचं! सचिवांच्या ओळीत ‘आर कमिंग’ होतं. हे रूप प्रश्नालाही चालतं आणि अटीलाही, त्यामुळे काळाने तिथे काहीच मदत केली नाही.

काही जागा अशा आहेत, जिथे ‘इफ’ शिरूच शकत नाही. त्यातली सगळ्यात ठळक जागा ‘टु’ लावलेल्या क्रियापदाआधीची. ‘जावं की नाही कळत नाही’ हे इंग्रजीत ‘आय डोन्ट नो व्हेदर टु गो’ असंच होतं. तिथे ‘इफ टु गो’ म्हटलं तर वाक्य मोडतं. ‘अबाउट’, ‘ऑन’ अशा शब्दांनंतरही हेच. ‘आम्ही दुकान बंद करावं का यावर बोललो’ या वाक्यात ‘अबाउट’च्या मागे ‘व्हेदर’च येतं. ‘ऑर नॉट’ लगेच चिकटवायचं असेल, तरीही ‘व्हेदर ऑर नॉट’. ‘इफ’ला ते दोन शब्द वाक्याच्या शेवटी जोडता येतात, अंगाला चिकटवता येत नाहीत. आणि वाक्याची सुरुवात. ‘व्हेदर ही विल कम इज अनसर्टन’, म्हणजे ‘तो येईल का हे नक्की नाही’. इथे ‘इफ’ घातला, तर वाचणारा पहिल्या शब्दालाच ‘तो आला तर...’ असं समजून पुढच्या ‘तर’ची वाट पाहू लागतो, आणि ते कधी येतच नाही.

मराठी शाळांमध्ये हा विषय अप्रत्यक्ष कथनाच्या धड्यात येतो आणि ‘होय-नाही उत्तराचा प्रश्न असेल तर इफ किंवा व्हेदर’ एवढ्यावर संपतो. मुलं चुकतात ती या दोन शब्दांतून एक निवडताना नव्हे. चूक होते ती शब्दाच्या आधी आणि नंतर. ‘त्याने मला विचारलं की मी जाणार आहे का’ या मराठी वाक्यात ‘की’ही आहे आणि ‘का’ही आहे. मुलं दोन्ही इंग्रजीत नेतात : ‘ही आस्क्ड मी दॅट व्हेदर आय वॉज गोइंग.’ मराठीत ‘की’ वाक्य जोडतो आणि ‘का’ प्रश्न करतो. इंग्रजीत ही दोन्ही कामं ‘व्हेदर’ किंवा ‘इफ’ एकटाच करतो, म्हणून तिथे ‘दॅट’ला जागा उरत नाही.

नंतरची चूक शब्दक्रमाची. ‘ही आस्क्ड मी व्हेदर वॉज आय गोइंग’ असं अनेक मुलं लिहितात. ही चूक मातृभाषेच्या माथी मारता येत नाही. मराठीत तर प्रश्न करताना शब्द जागचे हलत नाहीत. ‘तू जाणार आहेस’ला शेवटी ‘का’ लावला की झालं. वर्गात इंग्रजी प्रश्न करताना शब्दांची अदलाबदल करायची, हे मुलांच्या मनावर इतकं ठसवलेलं असतं की नको तिथेही ती अदलाबदल होते. ‘व्हेदर’नंतर मराठीसारखं सरळ वाक्य लिहायचं, असं सांगितलं तर त्यांना ते पटकन जमावं.

उलट दिशेनेही घसरण होते. ‘मला माहीत नाही जर तो येईल’ ही मराठी नव्हे. इंग्रजीतला ‘इफ’ दिसला की ‘जर’ लिहायचा, या सवयीतून ती जन्मते. आपल्याकडे दोन वेगळी दारं असताना भाषांतरकाराने भलतंच दार उघडावं, याचं वाईट वाटतं.

‘व्हेदर’ला दोन पर्यायांचं इतकं वेड का, याचं उत्तर त्याच्या वंशावळीत आहे. मुळात त्याचा अर्थ होता ‘दोघांपैकी कोणता’. त्याच किंग जेम्स बायबलमध्ये, मत्तयाच्या २१व्या अध्यायातल्या दोन मुलांच्या दृष्टान्तात, ‘या दोघांपैकी बापाचं कुणी ऐकलं’ असं विचारताना ‘व्हेदर’ याच जुन्या अर्थाने आला आहे. आणि त्याचा संस्कृत भाऊबंद आहे ‘कतर’. तोही दोघांतल्या निवडीचाच. अनेकांतून एक निवडायचा असेल तेव्हा संस्कृत ‘कतम’ म्हणते. लॅटिनचा ‘उतेर’ आणि ग्रीकचा ‘पोतेरोस’ हेही याच घरातले.

हा ‘कतर’ बऱ्याच मराठी घरांत आजही कानावर पडतो, फक्त कुणी थांबून पाहत नाही. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या सहाव्या श्लोकात अर्जुन म्हणतो की दोहोंपैकी आपल्याला अधिक हिताचं काय, हेच आम्हाला समजत नाही : आम्ही जिंकावं की त्यांनी आम्हाला जिंकावं. तिथे आधी ‘न जाणणं’ सांगणारं क्रियापद आहे, मग ‘कतरत्’. नंतरचा एक पर्याय ‘यद्वा’ने आणि दुसरा ‘यदि वा’ने सुरू होतो. म्हणजे ‘जर’चा अर्थ असलेला ‘यदि’ इथे ‘की’चं काम करतो आहे, अगदी ‘आय डोन्ट नो इफ’मधल्या ‘इफ’सारखा. ‘व्हेदर’चा भाऊ आणि ‘इफ’चा जोडीदार एकाच श्लोकात शेजारी उभे आहेत.

अट सांगणारा शब्द प्रश्नाच्या घरात शिरतो, हे इतरत्रही घडलं आहे. फ्रेंच ‘सी’ दोन्ही कामं करतो. जर्मनने मात्र प्रश्नाला ‘ओब’ आणि अटीला ‘वेन’ असे शब्द वेगळे ठेवले. मराठीही जर्मनच्या बाजूची दिसते, ‘का ते’ वेगळं आणि ‘तर’ वेगळं. पण एका क्रियापदापाशी आपलीही सीमारेषा पुसट होते, आणि ते क्रियापद ‘बघणं’ आहे. आई मुलाला दुकानात पाठवते तेव्हा ‘कोथिंबीर मिळते का बघ’ असंही म्हणते, आणि ‘कोथिंबीर मिळाली तर बघ’ असंही म्हणते. दोन्ही वेळा मुलगा तेच करतो : जातो, विचारतो आणि मिळाली तर घेऊन येतो.