लोणारची बरची

लोणारच्या विवराकाठी घडणारी अद्भुत कादंबरी लिहायची, तर नायकाच्या हाती आकाशातून पडलेल्या लोखंडाचे शस्त्र द्यावेसे वाटणारच. पण पहिली अडचण तिथेच येते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर पाडणारा पाषाण आघाताच्या उष्णतेत जवळजवळ सगळाच नष्ट झाला. आज सापडतात ते वितळलेल्या बेसॉल्टच्या काचेचे लहान तुकडे आणि मणी. त्यांतून पाते निघत नाही. तेव्हा लोखंड दुसरीकडून आणावे आणि ते लोणारचेच, असे गावाला खुशाल मानू द्यावे. खरे काय ते एकट्या लोहाराला ठाऊक असावे.

घडवायचे कसे, याचा दाखला जहांगीरने लिहून ठेवला आहे. 1621 मध्ये जालंधर परगण्यात पडलेला 160 तोळ्यांचा लोखंडी गोळा त्याने उस्ताद दाऊदकडे दिला. तो हातोड्याखाली टिकेना, फुटू लागला. शेवटी तीन भाग ते लोखंड आणि एक भाग साधे, असे मिसळून दोन तलवारी, एक सुरी आणि एक खंजीर झाला. सुरी आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे.

ठिसूळपणाचे कारण बहुधा अशा लोखंडातल्या गंधक-फॉस्फरसच्या खनिजांत असते. जास्त तापवले की ती आधी मऊ होतात आणि घाव बसताच तिथेच चीर जाते. दुसरी खोट अशी की त्यात निकेल असते, पण कार्बन नगण्य, म्हणून पाणी देऊनही धार कडक होत नाही.

म्हणून आपली बरची अशी: तीस तोळे आकाशीचे लोखंड, दहा तोळ्यांची पोलादी पट्टी. पट्टी मधोमध, दोन्ही अंगांना आकाशीचे लोखंड, म्हणजे धारेवर पोलादच उघडे राहते. लोहार ती लोणारच्या खारट पाण्यात विझवतो. कथेला हे शोभते आणि शास्त्रालाही धरून आहे: खारट पाण्यात तापल्या लोखंडाभोवतीची वाफ लवकर फुटते, पाते झपाट्याने थंड होते. धार जास्त कडक होते, पण तडकण्याची भीतीही वाढते. नीट उतरली तर कानस धारेवरून घसरते. टिचकी मारल्यावर आवाज बद्द आला, तर आत चीर आहे.

विझवल्यावर पाते गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, लगेच जवसाचे तेल लावायला हवे. खार राहिला तर तो ओल धरतो आणि जोडाच्या रेषेतून गंज आत शिरतो. पावसाळ्यात हे रोजचे काम. नायक कितीही शूर असो, आळशी असून चालणार नाही.

आणि बरची मोडली तर? पुन्हा भट्टीत घातली की थोडे लोखंड पापुद्रा होऊन झडते, पोलादातला कार्बनही जळतो. म्हणून लोहार ती जोडून देत नाही. उरलेला तुकडा थंडच घासून तो त्याची कट्यार करतो.