फोटोतला फ्लॅट आणि खरा फ्लॅट

दहा बाय अकरा फुटांची बेडरूम जाहिरातीच्या फोटोत बघितली की तिथे लग्नाचं वऱ्हाड उतरवता येईल असं वाटतं. अनेकदा यात कुणी काही खोटं केलेलं नसतं. मोबाइलच्या नेहमीच्या कॅमेऱ्याला आडवं सुमारे सत्तर अंशांचं दृश्य दिसतं. एवढ्याशा खोलीच्या दारात उभं राहून त्याने फोटो काढला, तर समोरची भिंत, खिडकी आणि पलंगाचा एखादा तुकडा एवढंच येतं. मागे सरकायला जागा नसते, म्हणून फोटोग्राफर वाइड लेन्स लावतो आणि मोबाइलवाला 0.5 चं बटण दाबतो. मग शंभर अंशांहून जास्त दृश्य एका चौकटीत मावतं. पण तसं मावताना समोरची भिंत चौकटीत बारीक होते, आणि बारीक दिसणारी वस्तू लांब आहे असं आपला मेंदू ठरवून टाकतो. त्यामुळे खोली लांबलचक दिसते.

माझ्या मते खोलीची मांडणी कळण्यापुरती वाइड लेन्स रास्त आहे. ती किती ताणली आहे हे चौकटीच्या कडांना कळतं. कोपऱ्यातलं गोल घड्याळ अंड्यासारखं दिसत असेल, कडेचा फ्रिज कपाटाएवढा रुंद झाला असेल, तर खोलीच्या आकाराबद्दल त्या फोटोवर विसंबू नये.

विसंबावं ते फरशीवर. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत बांधलेल्या बहुतेक इमारतींमध्ये दोन बाय दोनच्या, म्हणजे नेमकं सांगायचं तर साठ सेंटिमीटरच्या चौकोनी टाइल्स असतात. लेन्स टाइल लहानमोठी दाखवू शकते, पण टाइल्सची संख्या तिला बदलता येत नाही. भिंतीलगत पाच टाइल्स मोजल्या तर ती भिंत तीन मीटर, म्हणजे जवळपास दहा फूट. साडेपाच असतील तर पावणेअकरा फुटांच्या थोडं वर. टाइल्सचं माप आधी विचारून घ्यावं, कारण नव्या इमारतींत चार फूट लांबीच्याही असतात.

हीच मोजणी व्हर्च्युअल स्टेजिंग उघडं पाडते. रिकाम्या खोलीच्या फोटोत संगणकावर सोफा, पलंग, पडदे, कुंड्या बसवायच्या, याला हे नाव आहे. मुळात कल्पना वाईट नाही. रिकाम्या खोलीत आपलं सामान कसं बसेल याचा अंदाज अनेकांना येत नाही, तो यामुळे येतो. गडबड होते ती प्रमाणात. वर सांगितलेल्या खोलीचंच घ्या. दहा फुटांच्या भिंतीला डोकं करून पलंग मांडायचा आहे. सहा फूट रुंदीचा डबलबेड तीन टाइल्स झाकतो आणि दोन्ही बाजूंना एकेक टाइल, म्हणजे दोन-दोन फूट उरतात. त्यातल्या एका बाजूच्या भिंतीला दोन फूट खोलीचं कपाट आलं, की तिथली टाइल संपली. कपाट पलंगाला टेकणार आणि त्याचं दार उघडणार नाही. जाहिरातीतल्या चित्रात मात्र तोच पलंग दोन टाइल्सवर आटोपलेला असतो. म्हणजे तो चार फुटांचा झाला! शेजारी कपाट, टेबल, वर चालायला ऐसपैस वाट. ‘फर्निचर काल्पनिक आहे’ अशी ओळ खाली छापली, तरी ही लबाडीच राहते, कारण खोटं फर्निचरबद्दल नसून खोलीबद्दल आहे.

उजेडाचंही असंच. दुपारी खिडकीसमोर उभं राहून फोटो काढला, तर एकतर खिडकी पांढरी फटक पडते नाहीतर खोली काळोखी येते. आपला डोळा दोन्ही सांभाळून घेतो, कॅमेऱ्याला ते एका फोटोत जमत नाही. म्हणून कमी-जास्त उजेडाचे तीन किंवा पाच फोटो काढून ते एकत्र करतात. यात फसवणूक नाही. पिवळ्या दिव्याने पिवळी दिसणारी पांढरी भिंत पुन्हा पांढरी करणं, कॅमेरा वर झुकल्यामुळे आत कललेल्या भिंती सरळ करणं, हेही चालेल. या सगळ्या कॅमेऱ्याच्या उणिवा आहेत आणि त्या भरून काढल्याने फोटो खोलीच्या जवळच जातो.

खिडकी डक्टकडे किंवा शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडत असेल आणि फोटोत तिच्यात निळं आकाश चिकटवलं असेल, तर गोष्ट वेगळी. ही चोरी पकडायला पुन्हा फरशी उपयोगी पडते. चकचकीत टाइल्समध्ये खिडकीचं प्रतिबिंब पडतं. खिडकीत निळं आकाश आणि फरशीवर करडी छाया असेल, तर आकाश नंतर आलं आहे. भर दुपारच्या फोटोत सगळे दिवे लावलेले असतील, तर कारण जरूर विचारावं. याच्या उलटा प्रकार पुण्यात ‘टेकडी व्ह्यू’च्या जाहिरातींत दिसू शकतो. गॅलरीतून झूम करून टेकडीचा फोटो घेतला, की दोन किलोमीटरवरची टेकडी कठड्याला टेकल्यासारखी दिसते. फोटोत कठडा किंवा ग्रिल कुठेच नसेल, तर तो गॅलरीतून डोळ्यांना दिसणारा देखावा समजू नये.

फोटोतून काय पुसावं, याला मी एकच कसोटी लावतो: मालक घर सोडताना टेम्पोत काय भरून नेईल? वाळत घातलेले कपडे, चपलांचा ढीग, भिंतीवरचं कॅलेंडर, दाराशी लावलेली स्कूटर जाणारच आहे, ते पुसलं तर बिघडत नाही. छताच्या कोपऱ्यातली ओल, बीमवरची भेग, खोलीत घुसलेला कॉलम, खिडकीसमोरची विजेची डीपी कुठेही जाणार नाही. ती पुसणं म्हणजे खरेदीदाराला फसवणं.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाने जवळपास हीच रेघ कायद्यात ओढली. 1 जानेवारी 2026 पासून तिथे घराच्या जाहिरातीतल्या फोटोत संगणकाने वस्तू घातली, काढली किंवा बदलली, तर तसं स्पष्ट लिहावं लागतं आणि मूळ फोटोही बघायला ठेवावा लागतो. उजेड, रंगांचा तोल, सरळ करणं, कातरणं यांना त्यातून सूट आहे.

आपल्याकडे 2016 च्या रेरा कायद्याचं कलम 12 आहे. बिल्डरच्या जाहिरातीतल्या किंवा सॅम्पल फ्लॅटमधल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. व्यवहारातून बाहेर पडायचं असेल, तर व्याजासह पैसे परत मागता येतात. त्यामुळे जाहिरात आणि ब्रोशर जपून ठेवावं. पण जुना फ्लॅट थेट मालकाकडून घेताना हे कलम उपयोगी पडत नाही. तिथे 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो. साधारण काळजीने बघूनही सापडणार नाही असा मोठा दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे, असं तो म्हणतो. म्हणजे प्रत्यक्ष जाऊन बघितली असती तर दिसली असती अशी ओल फोटोत पुसलेली होती, ही तक्रार फार पुढे जात नाही.

परगावी किंवा परदेशी राहून पुण्या-मुंबईत घर घेणाऱ्यांना जाऊन बघणं सोपं नसतं. त्यांनी एजंटकडे दिवसाउजेडी काढलेला, न तोडलेला एक व्हिडिओ मागावा. कॅमेरा 1x वर, दिवे बंद, मुख्य दारापासून गॅलरीपर्यंत चालत, प्रत्येक खोलीत एकदा छत आणि एकदा खिडकीबाहेर दाखवत. पाच मिनिटांचं काम आहे. ते करायला जो टाळाटाळ करतो, त्याला टोकन देऊ नका.