विश्लेषण : फोटोचा ‘मूड’ शब्दांत कसा पकडायचा? एआय चित्रांचे रंग का बिघडतात?

सप्टेंबर २०२५ मध्ये गुगलच्या जेमिनीवर साडीतले रेट्रो फोटो तयार करण्याची लाट आली. फोटोतल्या व्यक्ती वेगळ्या असल्या, तरी बहुतेक फोटोंत तोच सोनेरी उजेड आणि तीच जुन्या सिनेमाची छटा दिसत होती. याचे कारण सोपे होते. एकाने लिहिलेली सूचना (प्रॉम्प्ट) दुसऱ्याने जशीच्या तशी चिकटवली होती. खरी अडचण येते ती आपल्याच एखाद्या फोटोसारखी नवी चित्रे हवी असतात तेव्हा. त्यासाठी त्या फोटोचे रंग आणि वातावरण आपल्याच शब्दांत सांगावे लागते. ते कसे सांगायचे?

उदाहरण सुप्याचे

पुणे-अहिल्यानगर महामार्गावर पारनेर तालुक्यातील सुपा लागते. या भागातल्या डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्या आहेत. समजा, फेब्रुवारीच्या अखेरीस सायंकाळी साडेपाचच्या सुमारास कोणी मोबाइलवर त्यांचा फोटो काढला. खाली ज्वारी काढून झालेले रान, मध्ये एक बाभूळ आणि वर धुळकट आभाळ. आता याच परिसरातील एका बचत गटाला आपल्या ज्वारीच्या पापडांच्या जाहिरातीसाठी चित्रे हवी आहेत आणि त्यांत या फोटोचा ‘फील’ हवा आहे.

नुसता फोटो अपलोड केला तर?

बरेचदा काम भागते, पण फोटोतल्या वस्तूही सोबत येतात. पापडांच्या मागे पवनचक्की उगवते, अंगणात बाभूळ येते. फोटोतला विषय कुठला आणि वातावरण कुठले, हे यंत्राला आपोआप कळेलच असे नाही. ते वेगळे करण्याचे काम शब्द करतात.

‘गावाकडची सुंदर, उबदार संध्याकाळ’ असे लिहिले, तर हमखास भडक केशरी सूर्यास्त मिळतो. ही साधने असंख्य चित्रे आणि त्यांच्यासोबतच्या वर्णनांवरून शिकलेली असतात. त्या वर्णनांत ‘सुंदर संध्याकाळ’ बहुतेकदा कॅलेंडरवरच्या चित्रासारखीच असते. आपल्या फोटोत मात्र केशरी रंग जवळपास नाहीच.

मग फोटोत नेमके काय पाहायचे?

आधी फोटो टपाल तिकिटाएवढा लहान करून पाहावा. गॅलरीत सगळे फोटो छोट्या चौकोनांत दिसतात, तेवढे पुरे. डोळे किलकिले केले तरी चालते. तपशील पुसले जातात आणि रंगांचे मोठे पट्टे उरतात. सुप्याच्या या फोटोत निम्म्याहून जास्त जागा आभाळाची आहे आणि ते निळे नाही, वर निळसर राखाडी, तर क्षितिजाजवळ दुधाळ पिवळट आहे. उरलेल्या जागेत बहुतेक फिका, कोरडा पिवळा, मातीचा थोडा तपकिरी आणि बाभळीचा अगदी जरासा मळकट हिरवा. हे प्रमाण सांगणे रंगांची नावे सांगण्याइतकेच गरजेचे असते. तेच पाच रंग समसमान वाटले, तर चित्र गोधडीसारखे दिसेल.

प्रत्येक रंगाबद्दल तीन गोष्टी सांगाव्यात: रंग कोणता, तो उजळ की गडद, आणि स्वच्छ की मळका. तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. हळदीचा रंगही पिवळा आणि वाळल्या कडब्याचाही पिवळाच, फरक मळकेपणाचा आहे. मराठीत मातकट, करडा, शेवाळी, गव्हाळ असे नेमके शब्द आहेत, पण ते थेट टाकताना सांभाळावे. ‘गव्हाळ’ लिहिले की कधी कधी चित्रात गव्हाच्या ओंब्याच येतात. त्यापेक्षा ‘फिका, मळकट पिवळा’ असे साधे लिहिलेले बरे. रंगाचे संगणकी क्रमांकही देता येतात, मात्र साधने ते तंतोतंत पाळतील याचा भरवसा नाही.

पुढचा भाग उजेडाचा, आणि फोटोचा अर्धा मूड त्यातच असतो. इथे सूर्य कलला आहे, ऊन एका बाजूने येते आहे, हवेतल्या धुळीमुळे ते मऊ झाले आहे आणि सावल्या लांब, कडेला विरघळलेल्या आहेत. त्यानंतर दोन टोके शोधावीत. सर्वांत उजळ जागा शुभ्र नसून सायीसारखी आहे आणि सर्वांत गडद जागा काळी नसून तपकिरी आहे. फोटो ‘जुना, निवांत’ वाटतो तो मुख्यतः यामुळे.

‘शांत’, ‘उदास’ हे शब्द शेवटी ठेवावेत किंवा गाळलेच तरी चालते. ‘उदास’ म्हटले की पाऊस आणि खिडकी येण्याची शक्यता मोठी. शांतपणा कशामुळे वाटतो, ते लिहावे: मोकळी जागा भरपूर, क्षितिज खाली, मुख्य वस्तू लहान.

प्रॉम्प्ट कसा लिहायचा?

पहिल्या वाक्यात फक्त विषय: ‘अंगणात खाटेवर वाळत घातलेले ज्वारीचे पापड.’ त्याखाली वातावरणाचा परिच्छेद, जो प्रत्येक चित्रासाठी तसाच ठेवायचा:

‘कललेल्या सूर्याचे मऊ ऊन एका बाजूने. हवेत हलकी धूळ. लांब, पुसट कडांच्या सावल्या. बहुतेक भाग निळसर राखाडी आणि दुधाळ पिवळट, त्याखालोखाल फिका मळकट पिवळा, थोडा मातकट तपकिरी, अगदी कमी मळकट हिरवा. रंग फिके. उजळ भाग सायीसारखे, गडद भाग तपकिरी. चौकटीत भरपूर मोकळी जागा.’

यात पवनचक्की नाही, बाभूळ नाही, सुप्याचे नावही नाही. ‘केशरी नको’ असेही नाही. काही साधने ‘नको’ कडे दुर्लक्ष करतात आणि ‘केशरी’ तेवढे उचलतात. अनेक साधनांना मराठी समजते. पण ‘मळकट’चा अर्थ घाणेरडा असा घेतला गेला आणि पापडच मळके दिसू लागले, तर तेवढा शब्द बदलून ‘फिकट’ करून पाहावा.

जमले की नाही, हे कसे ओळखायचे?

एका चित्रावरून ठरवू नये, कारण त्याच शब्दांवर दर वेळी वेगळे चित्र येते. चार चित्रे काढून ती मूळ फोटोशेजारी लहान आकारात ठेवावीत. मोबाइलचा डोळ्यांना आराम देणारा पिवळा मोड आधी बंद करावा, नाहीतर सगळेच उबदार भासते.

तरीही काहीतरी खटकते, पण काय ते कळत नाही? मग मूळ फोटो आणि नवी चित्रे, दोन्ही कृष्णधवल करून पाहावीत. कृष्णधवलमध्ये ती जुळली, तर चूक रंगांच्या शब्दांत आहे. तिथेही जुळली नाहीत, तर उजेडाचे किंवा दोन टोकांचे वर्णन सुधारावे. सुप्याच्या उदाहरणात ‘हवेत धूळ’ या शब्दांमुळे दाट धुके आले, तर ‘दूरचे थोडे पुसट, जवळचे स्पष्ट’ असे करून पाहता येईल. एका वेळी एकच शब्द बदलावा, म्हणजे फरक कशाने पडला ते कळते.

हे कुठे चालत नाही?

बचत गटाला रात्री स्वयंपाकघरात पापड भाजतानाचे चित्र हवे असेल, तर कललेले ऊन आणि धूळ तिथे बसणार नाही. अशा वेळी उजेडाची वाक्ये काढून रंगांचे प्रमाण आणि दोन टोके तेवढी ठेवावीत. नाते पूर्ण जुळत नाही, पण चित्रे एकाच घरातली वाटतात. पाकिटावरच्या पापडाचा रंग मात्र अशा चित्रातून घेऊ नये. पिवळट उजेडात पांढरा पापडही पिवळा दिसतो आणि गिऱ्हाईक पाकीट फोडून तोच रंग शोधते. तिथे खऱ्या पापडाचा, दिवसाउजेडी काढलेला फोटोच वापरावा.